काम मिळण्याआधीचे काम : तूरडाळीच्या एका पाकिटाचा नमुना

लेखक किंवा डिझायनर आपल्या निवडक कामांचा जो संग्रह संभाव्य ग्राहकापुढे ठेवतो, त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. नव्याने व्यवसायात आलेल्या व्यक्तीची अडचण अशी, की ग्राहक आधीचे काम पाहिल्याशिवाय काम देत नाही आणि काम मिळाल्याशिवाय दाखवण्यासारखे काही हाती येत नाही. नांदेड आणि लातूर या शहरांत ही अडचण थोड्या वेगळ्या रूपात दिसते. तेथे छोटी कामे मुबलक मिळतात, पण ती बहुधा लग्नपत्रिका, दुकानाचे व्हिजिटिंग कार्ड आणि शिकवणी वर्गाचा फ्लेक्स अशा साच्यातली असतात. यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे ओळीने मांडून खाली गुण छापलेला फ्लेक्स कितीही सफाईने केला, तरी त्यातले जवळजवळ सर्व निर्णय वर्गचालकाने आधीच घेतलेले असतात, त्यामुळे तो पाहून डिझायनरच्या विचारशक्तीचा अंदाज येत नाही. अशा स्थितीत स्वतःहून एखादा विषय निवडून केलेले काम, म्हणजेच सराव-काम, पोर्टफोलिओचा मुख्य आधार ठरू शकते. मात्र त्याला एक अट आहे : खऱ्या कामात जी बंधने असतात ती सर्व त्या सराव-कामानेही स्वतःवर घालून घेतली पाहिजेत.

ही अट सहसा पाळली जात नाही. नवे डिझायनर एखाद्या प्रसिद्ध कंपनीचे बोधचिन्ह नव्याने काढतात किंवा काल्पनिक कॉफीच्या दुकानासाठी कप, पिशव्या आणि फलक सजवतात. ही चित्रे देखणी असतात, पण त्यांत खर्चाची मर्यादा नसते, कायद्याने छापावा लागणारा मजकूर नसतो आणि छपाईचे यंत्रही नसते. ग्राहकाला जे जाणून घ्यायचे असते, म्हणजे अडचण आली तेव्हा या व्यक्तीने काय सोडले आणि काय राखले, ते अशा चित्रांत सापडत नाही. त्याऐवजी आपल्याच जिल्ह्यातली एखादी साधी वस्तू निवडली, तर तिच्या मागची बंधने प्रत्यक्ष जाऊन पाहता येतात, आणि जो ग्राहक पुढे खरोखर भेटणार आहे त्याच्याच धंद्याची भाषा कामात उतरते.

लातूर जिल्हा तूरडाळीच्या गिरण्यांसाठी ओळखला जातो, आणि निलंगा तालुक्यातील बोरसुरी या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या वस्तूचे गुण तिच्या उगमस्थानाशी जोडलेले असल्याची कायदेशीर नोंद. ही नोंद १९९९ च्या कायद्यानुसार चेन्नई येथील नोंदणी कार्यालयात होते. त्यामुळे या परिसरातल्या एखाद्या बचत गटाने अर्धा किलोच्या पाकिटातून तूरडाळ विकायची ठरवली, तर त्या पाकिटावरचे लेबल कसे असेल, हा प्रश्न सराव-कामासाठी उत्तम आहे. तो लहान आहे, खरा आहे, आणि त्यात लेखक व डिझायनर या दोघांनाही पुरेसे काम आहे. पुढील विवेचनात हेच एक उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे.

पहिले पाऊल संगणकावर पडत नाही. लातूरच्या गंजगोलाईतील किंवा नांदेडच्या वजिराबादेतील किराणा दुकानांत जाऊन डाळ कशी विकली जाते हे पाहावे लागते : किती डाळ पोत्यातून सुटी जाते, पाकिटे फळीवर उभी राहतात की टोपलीत आडवी पडतात, दुकानातल्या उजेडात त्यांच्यावरचे कोणते अक्षर दुरून वाचता येते. चार-पाच वेगवेगळी पाकिटे विकत घेऊन त्यांची लांबी-रुंदी पट्टीने मोजावी आणि पुढच्या व मागच्या बाजूला काय काय छापले आहे ते वहीत उतरवावे. या पाहणीत एक गोष्ट लवकर लक्षात येते. मोठ्या कंपन्यांची रंगीत पाकिटे ज्या पद्धतीने छापली जातात तिला ग्रॅव्ह्युअर छपाई म्हणतात. तिच्यात प्रत्येक रंगासाठी धातूचा स्वतंत्र कोरीव सिलिंडर करावा लागतो, आणि तो खर्च मोठ्या संख्येने पाकिटे छापली तरच परवडतो. बचत गटाला पाचशे पाकिटे हवी असतील, तर हा मार्ग बंद असतो. त्याने साधे पारदर्शक पाऊच घेऊन त्यावर डिजिटल छपाईचे स्टिकर चिकटवणेच शहाणपणाचे. पोर्टफोलिओत सुंदर छापील पाऊचचे चित्र ठेवणाऱ्यापेक्षा ‘येथे स्टिकरच का’ हे दोन वाक्यांत सांगणारा डिझायनर ग्राहकाला अधिक जाणता वाटतो. शिवाय पारदर्शक पाऊचमधून डाळ स्वतःच दिसते, त्यामुळे लेबलावर डाळीचे छायाचित्र छापण्याची गरज उरत नाही.

स्टिकरचे माप हा यातला सर्वांत बोलका निर्णय आहे. डिजिटल छपाईच्या दुकानांत स्टिकरचा ताव सामान्यतः बारा बाय अठरा इंचांचा मिळतो आणि दर तावामागे आकारला जातो. कापताना रंग कडेपर्यंत पोचावा म्हणून प्रत्येक लेबलाभोवती थोडी जास्तीची छपाई सोडतात. तिला ब्लीड म्हणतात, आणि ती येथे प्रत्येक बाजूस एक अष्टमांश इंच धरली आहे. चार बाय सहा इंचांचे लेबल केले, तर ब्लीडसह ते सव्वाचार बाय सव्वासहा इंच होते आणि एका तावावर, सर्व उभी लावा की सर्व आडवी, चारच बसतात. तेच लेबल साडेतीन बाय साडेपाच इंचांचे केले, तर ब्लीडसह ते पावणेचार बाय पावणेसहा होते. आडवी तीन मिळून सव्वाअकरा इंच आणि उभी तीन मिळून सव्वासतरा इंच होतात, म्हणजे यंत्राला लागणारी कड सोडूनही तावावर नऊ लेबले मावतात. पाकिटाला पुढचे व मागचे अशी दोन लेबले लागतात, म्हणून पाचशे पाकिटांना हजार लेबले हवीत. अशा मांडणीत मोठ्या मापासाठी २५० ताव लागतील, लहान मापात ११२ पुरतील. लेबल अर्ध्या इंचाने कमी झाल्याने खर्च निम्म्याहून खाली येतो. ही आकडेमोड तावावरच्या मांडणीच्या छोट्या आकृतीसह पोर्टफोलिओत दाखवली, तर बचत गटाच्या अध्यक्षांना डिझाइनविषयी काहीही ठाऊक नसले तरी ती तत्काळ कळते.

माप कमी झाले की पुढची अडचण उभी राहते, ती मजकुराची. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर काय छापावे हे मुख्यतः दोन नियमावल्या ठरवतात : अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे लेबलिंग व प्रदर्शन विनियम, २०२० आणि वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११. पदार्थाचे नाव, निव्वळ वजन, कमाल विक्री किंमत, उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचे नाव व पत्ता, पॅकिंगची तारीख, वापराची मुदत, बॅच क्रमांक, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, शाकाहारी चिन्ह आणि प्राधिकरणाच्या परवान्याचा चौदा अंकी क्रमांक अशा अनेक गोष्टी त्यात येतात, आणि काही ठिकाणी अक्षरांची किमान उंचीही ठरलेली असते. मराठी डिझायनरला अनपेक्षित वाटणारा भाग म्हणजे भाषेचा. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत द्यावी लागते, आणि मराठी तिच्या जोडीला देता येते. केवळ मराठीतले लेबल कितीही डौलदार असले तरी नियमात बसत नाही. म्हणून साडेतीन इंच रुंदीत दोन भाषा बसवाव्या लागतात, आणि कौशल्य दिसते ते येथेच. समोरच्या बाजूला मराठी नाव मोठे ठेवून कायदेशीर तपशील मागच्या लेबलावर इंग्रजीत एकत्र करावेत, की दोन्ही भाषा सर्वत्र शेजारी चालवाव्यात, हे ठरवताना दोन-तीन मसुदे करून पाहावेच लागतात. त्यांपैकी नाकारलेला एक मसुदा ‘येथे वजनाचा आकडा दुकानाच्या फळीवर दिसेना’ अशा एका ओळीच्या कारणासह पोर्टफोलिओत ठेवावा. सगळेच मसुदे ठेवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण दहा मसुदे पाहून ग्राहकाला चिकाटीपेक्षा संभ्रम जास्त दिसतो.

अक्षरांच्या बाबतीत मराठवाड्यातील छापखान्यांचा एक जुना वारसा डिझायनरला सांभाळून घ्यावा लागतो. अनेक ठिकाणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या संकेतांचे फॉन्ट कोरलड्रॉमध्ये वापरले जातात. अशा फाइलमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की निरर्थक चिन्हांची माळ दिसते. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात टाइप केलेला मजकूर कोठेही वाचता येतो, शोधता येतो आणि पुढे संकेतस्थळावरही वापरता येतो, म्हणून सराव-काम युनिकोडमध्येच करावे. मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी असे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने व्यावसायिक कामातही ते विनामूल्य वापरता येतात. चोरीच्या फॉन्टवर उभा केलेला पोर्टफोलिओ जाणकार ग्राहकाच्या हाती पडला, तर पहिला प्रश्न त्यावरच येतो. शिवाय मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व अक्षररूपे प्रमाणित केली होती. लातूरच्या लेबलावर हिंदी वळणाचा ‘ल’ आला, तर बहुतेकांना ते सांगता येणार नाही, पण काहीतरी परके वाटत राहील.

अक्षरजुळणीची परीक्षा घेण्यासाठी ‘शेतकऱ्यांच्या’ हा एकच शब्द पुरतो. त्यातला ‘ऱ्य’ नीट जुळला नाही, जोडाक्षर तुटून मध्ये हलन्त चिन्ह दिसले, किंवा इतरत्र रफार आणि ऱ्हस्व इकार चुकीच्या अक्षरावर सरकला, तर सॉफ्टवेअर भारतीय लिप्यांची जुळणी करत नाही असे समजावे. इनडिझाइनमध्ये त्यासाठी `World-Ready Paragraph Composer` हा पर्याय निवडावा लागतो. इंकस्केप आणि स्क्रायबस ही विनामूल्य सॉफ्टवेअरेही देवनागरी जुळवू शकतात. पीडीएफ तयार झाल्यावर प्रत्येक जोडाक्षर मोठे करून तपासणे कंटाळवाणे आहे, तरी ते टाळता येत नाही, कारण मराठी कामाच्या पोर्टफोलिओतला तुटका रफार हा शुद्धलेखनाच्या चुकीइतकाच जिव्हारी लागतो.

लेखकाचे काम याच लेबलावर, पण वेगळ्या जागी आहे. मागच्या लेबलावर सक्तीचा मजकूर बसल्यावर वर्णनासाठी जेमतेम चाळीस शब्दांची जागा उरते. नवा लेखक ती ‘उत्कृष्ट दर्जाची, शंभर टक्के शुद्ध, नैसर्गिक आणि पारंपरिक चवीची डाळ’ अशा शब्दांनी भरतो. या वाक्यातून वाचकाला काही कळत नाही, आणि जाहिरात व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांनी ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ अशा शब्दांच्या वापरावर अटी घातलेल्या असल्याने ते उत्पादकाला अडचणीतही आणू शकते. त्याऐवजी जे तपासता येते तेच लिहावे : तूर खरिपात पेरली जाते, डाळ पॉलिश केलेली नाही, एक वाटी डाळ धुऊन अर्धा तास भिजवावी आणि तीन वाट्या पाण्यात शिजवावी. यांतले प्रत्येक विधान उत्पादकाकडून खातरजमा करून घेण्याजोगे आहे. लेखकाच्या पोर्टफोलिओत हे दोन्ही परिच्छेद, म्हणजे नेहमीचा आणि सुधारलेला, शेजारी शेजारी ठेवावेत आणि कोणता शब्द कोणत्या कारणाने गेला ते समासात लिहावे. केवळ अंतिम मजकूर दाखवला, तर तो इतका साधा दिसतो की त्यामागचा निवाडा कोणाच्या लक्षातच येत नाही. लेखनाच्या पोर्टफोलिओची ही कायमची पंचाईत आहे, आणि शेजारी मांडणी हा तिच्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

आता प्रामाणिकपणाचा मुद्दा, जो सराव-कामात सर्वांत नाजूक असतो. मानांकित नाव आणि मानांकनाचे चिन्ह वाटेल त्याला छापता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते. म्हणून सराव-लेबलावर बोरसुरीचे नाव व मानांकनाचे चिन्ह वापरण्यापेक्षा त्या जागी रिकामी चौकट ठेवून ‘अधिकृत वापरकर्त्यासाठी राखीव’ असे लिहिणे योग्य. परवाना क्रमांकाच्या जागी चौदा शून्ये छापावीत. मनाने जुळवलेला क्रमांक एखाद्या खऱ्या उत्पादकाचा निघू शकतो. बारकोडच्या जागीही ‘नमुना’ हा शब्द पुरतो. प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर ‘स्वतःहून केलेले सराव-काम, कोणत्याही उत्पादकाने सोपवलेले नाही’ ही ओळ वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावी. ही ओळ दिल्याने कामाचे मोल घटते अशी भीती अनेकांना वाटते, पण ती निराधार आहे, कारण लातूर-नांदेडच्या बाजारात गिरणीमालक एकमेकांना ओळखतात आणि न दिलेले काम दिल्यासारखे दाखवणाऱ्याची बातमी त्याच्या आधी पोचते.

पैसे घेऊन केलेल्या मोजक्या कामांनाही असाच एक नियम लागू आहे. छापखान्यात पगारावर असताना केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मालकाकडे असतो. म्हणून ते काम दाखवण्याआधी मालकाची परवानगी लेखी घ्यावी. व्हॉट्सॲपवरचा स्पष्ट होकारही नसण्यापेक्षा बरा. लग्नपत्रिका दाखवायची असेल तर त्यातील नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक झाकावेत, कारण ती माहिती त्या कुटुंबाने पाहुण्यांसाठी दिलेली असते. एखाद्या गावच्या वाचनालयासाठी किंवा बचत गटासाठी विनामोबदला काम करायचे असेल, तर काय करून देणार, किती वेळा बदल करणार आणि काम कोठे दाखवणार हे आधीच एका पानावर लिहून ठरवावे. अन्यथा फुकटचे काम संपतच नाही आणि दाखवण्याजोगी अवस्थाही गाठत नाही.

सादरीकरणासाठी संगणकावर मिळणारी तयार चित्रे, म्हणजे ज्यांत आपले लेबल नुसते चिकटवले की चकचकीत पाकीट दिसते ती, टाळलेली बरी. लेबलाचा एक ताव खरोखर छापून घ्यावा, पाऊचमध्ये अर्धा किलो तूरडाळ भरावी, लेबल चिकटवावे आणि खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात मोबाइलने छायाचित्र काढावे. हे करताना पडद्यावर न दिसलेले दोष बाहेर येतात. डाळ भरल्यावर पाऊच फुगतो आणि लेबलाच्या कडा वळतात, त्यामुळे कडेला ठेवलेला मजकूर नजरेआड जातो. बारीक इंग्रजी अक्षरे गडद रंगावर बुजून जातात. हेच पाकीट एखाद्या दुकानदाराच्या फळीवर इतर पाकिटांमध्ये ठेवण्याची परवानगी मागावी आणि हातभर अंतरावरून वजन व किंमत वाचता येते का ते दोन-तीन गिऱ्हाइकांना विचारावे. त्यातून झालेला बदल, उदाहरणार्थ मजकूर कडेपासून आणखी आत घेणे, आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांसह दाखवला की प्रकल्प पूर्ण होतो. यासाठी चार-पाच पाने पुरतात : तयार पाकीट, बंधने व मापाची आकडेमोड, एक नाकारलेला मसुदा, मजकुरातील बदल, आणि शेवटी मूळ मापात छापलेले लेबल.

असे एक सराव-काम, परवानगी घेतलेली दोन खरी कामे आणि एखादे संस्थेसाठी केलेले काम एवढ्यावर सुरुवातीचा पोर्टफोलिओ उभा राहतो. संख्या वाढवण्यासाठी दुबळे काम घालू नये, कारण पाहणारा सरासरी काढत बसत नाही, तो सर्वांत कमकुवत पानावर थबकतो. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत आहेत याची खात्री करावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती छायाचित्रे म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवावी, नाहीतर चित्रे दाबली जाऊन लेबलावरची बारीक अक्षरे धूसर होतात आणि ज्या सफाईसाठी एवढे कष्ट घेतले तीच हरवते. गिरणीमालकाला प्रत्यक्ष भेटायचे असेल तर भरलेले पाकीट सोबत न्यावे. तो आधी डाळ पाहील, मग लेबल, आणि डाळीबद्दल काही विचारेल तेव्हा उत्तर देता आले पाहिजे.

लेबलांचे नियम वेळोवेळी सुधारले जातात. म्हणून प्रत्येक सराव-कामावर ते कोणत्या वर्षीच्या नियमांनुसार केले आहे ते नोंदवावे, आणि नव्या ग्राहकाकडे जाण्यापूर्वी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील चालू विनियमांशी ते एकदा ताडून पाहावे. जे लेबल आता नियमात बसत नाही ते दुरुस्त करावे किंवा संग्रहातून काढून टाकावे.